दोन दिवसांच्या पदभ्रमणाची शिदोरी (वाशिम जिल्हा)

दोन दिवसांच्या पदभ्रमणाची शिदोरी म्हणजे एक रात्र बाहेर मुक्काम करून पायी केलेल्या भटकंतीत पाठीवर वाहून नेण्याचे अन्न होय. अशी शिदोरी निवडताना अन्नाचे वजन, त्यातून मिळणारी ऊर्जा, त्याचा टिकाऊपणा आणि पोषणमूल्य या चार गोष्टींचा मेळ घालावा लागतो. विदर्भातील वाशिम जिल्ह्यात यांच्या जोडीला पाणी ही पाचवी बाब येते. पावसाळा संपल्यावर येथील बरेचसे ओढे आटत जातात व चालण्याच्या वाटेवर पाणी सहज मिळत नाही. त्यामुळे एखादा पदार्थ किती हलका आहे, हे ठरवताना तो खाण्यासाठी लागणारे पाणीही त्याच्या वजनात धरावे लागते.

दशमी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, फुटाणे, पोहे आणि सातूचे पीठ हे वऱ्हाडातील घरगुती पदार्थ या कसोटीवर बहुतांशी उतरतात. ते योग्य क्रमाने खाल्ल्यास एका व्यक्तीची दोन दिवसांची शिदोरी सुमारे एक किलोग्रॅममध्ये बसते.

## स्थानिक परिस्थिती

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्यात अजिंठा डोंगररांगांचे फाटे पसरलेले असून मालेगाव, मंगरूळपीर व मानोरा या तालुक्यांत टेकड्या आणि झुडपी जंगल आढळते. काटेपूर्णा नदीचा उगम याच जिल्ह्यात होतो. तिच्या नावाचे काटेपूर्णा अभयारण्य वाशिम आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत आहे. पायी प्रवासाची जुनी परंपराही येथे आहे. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी मेडशी, मालेगाव, शिरपूर आणि रिसोड या मार्गाने जिल्हा ओलांडते. पालखीच्या वाटेवर गावोगावी जेवणाची सोय होत असल्याने वारकऱ्याला सगळे अन्न पाठीवर न्यावे लागत नाही. टेकड्यांमधून स्वतंत्रपणे चालणाऱ्याला मात्र ते न्यावेच लागते.

पदभ्रमणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या दिवसांत दिवसभर चालणे धोक्याचे असते आणि शिजवलेले अन्नही काही तासांत खराब होऊ शकते.

अभयारण्याच्या हद्दीत जाण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवण्यास मनाई आहे. हिवाळ्यानंतर येथील गवत पूर्ण वाळलेले असते व ते ठिणगीनेही पेट घेते. म्हणून या भागातील शिदोरी चुलीशिवाय खाता येईल अशी ठेवणे सोयीचे असते. त्यामुळे भांडी, इंधन आणि स्वयंपाकाचे पाणी यांचे वजनही वाचते.

## ऊर्जेची गरज

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ व्यक्तीचे शरीर दर किलोग्रॅम वजनामागे ताशी सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा वापरते. पाठीवर मध्यम ओझे घेऊन चढ-उताराच्या वाटेने चालताना हा खर्च ताशी ४ ते ५ किलोकॅलरींपर्यंत जातो. यावरून ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीला चालण्याच्या प्रत्येक तासाला साधारण २४० ते ३०० किलोकॅलरी लागतात. दिवसात सहा तास चालल्यास चालण्याचे सुमारे १,५०० ते १,८०० आणि उरलेल्या अठरा तासांचे ११०० ते १३००, असा एकूण खर्च २,६०० ते ३,१०० किलोकॅलरींच्या दरम्यान येतो.

दोन दिवसांच्या प्रवासात हा खर्च अन्नातून पूर्णपणे भरून काढण्याची गरज नसते. काही शे किलोकॅलरींची तूट निरोगी शरीर साठवलेल्या चरबीतून भागवते. स्नायू व यकृतात साठलेली साखर मात्र मर्यादित असते आणि चढ चढताना ती लवकर संपते. दुपारनंतर अचानक येणारा थकवा, पाय जड होणे व चिडचिड ही तिची लक्षणे आहेत. चालताना दर तास-दीड तासाने थोडे पिष्टमय किंवा गोड खाल्ल्यास हा त्रास टळतो. त्यामुळे दिवसाला सुमारे २,६०० किलोकॅलरी धरून शिदोरी आखली, तरी त्यांतील चांगला मोठा भाग दोन जेवणांच्या मधल्या खाण्यात विभागणे आवश्यक ठरते.

## वजन आणि ऊर्जा

अन्नातील स्निग्धांशापासून प्रतिग्रॅम ९, तर पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांपासून प्रत्येकी ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पाण्यापासून ऊर्जा मिळत नाही. म्हणून पदार्थ जितका कोरडा आणि तेलबियांचे प्रमाण जितके अधिक, तितका तो वजनाच्या मानाने अधिक ऊर्जा देतो. पुढील तक्त्यातील आकडे अंदाजे आहेत. घरगुती पदार्थांत ते कृतीनुसार बदलतात.

| पदार्थ (१०० ग्रॅम) | ऊर्जा (किलोकॅलरी) |
|---|---|
| तूप | ९०० |
| सुके खोबरे | ६६० |
| भाजलेले शेंगदाणे | ५७० |
| गूळ-शेंगदाण्याचे लाडू | ४७० |
| गूळ | ३८० |
| फुटाणे | ३७० |
| पोहे (कोरडे) | ३५० |
| खारीक (बी काढून) | ३२० |
| दशमी | ३०० |
| शिजवलेला भात | १३० |
| उकडलेला बटाटा | ९० |

पोळी, भात, उकडलेले बटाटे आणि केळी अशी नेहमीच्या जेवणाची शिदोरी बांधल्यास सरासरी दर ग्रॅमला दोनपेक्षा कमी किलोकॅलरी मिळतात. कोरड्या पदार्थांच्या शिदोरीत हेच प्रमाण चारच्या जवळ जाते. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेसाठी नेहमीच्या जेवणाचे वजन जवळजवळ दुप्पट भरते.

### पाण्याचे छुपे वजन

केवळ वरील तक्त्यावरून निवड केल्यास फसगत होऊ शकते. हिवाळ्यातही चालताना ताशी सुमारे अर्धा लिटर पाणी लागते. सहा तासांसाठी ते तीन लिटर, म्हणजेच तीन किलोग्रॅम होते. दोन दिवसांच्या संपूर्ण कोरड्या शिदोरीच्या हे जवळजवळ तिप्पट आहे. अशा वेळी ७० ग्रॅम वजन वाचावे म्हणून वाटेत खाण्यासाठी भिजवावा लागणारा पदार्थ घेतला आणि त्यासाठी २५० मिलिलिटर पाणी जास्त उचलले, तर ओझे कमी न होता वाढते.

यातून पदार्थांची विभागणी खाण्याच्या जागेनुसार करण्याची पद्धत निघते. दशमी, लाडू व खारीक हे भिजवावे न लागणारे पदार्थ वाटेवरच्या खाण्यासाठी ठेवले जातात. पोहे, सातूचे पीठ आणि दूध पावडर यांना पाणी लागते, म्हणून ते गावातील मुक्कामाच्या ठिकाणी वापरले जातात. तेथे हातपंप किंवा नळ असल्याने ते पाणी पाठीवर वाहावे लागत नाही. फुटाणे व मुरमुरे यांसारखे तोंड कोरडे करणारे पदार्थ ऐन दुपारी न खाता सकाळच्या गारव्यात किंवा पाण्याजवळच्या विसाव्याला खाणे सोयीचे असते. मोठ्या प्रमाणात प्रथिने आणि मीठ घेतल्यास शरीराची पाण्याची गरज वाढते. त्यामुळे फक्त शेंगदाणे व फुटाणे यांवर दिवस काढणे हे वजनाच्या हिशेबात योग्य दिसले, तरी प्रत्यक्षात तहान वाढवणारे ठरते.

## टिकाऊपणा

### दशमी आणि भाकरी

ज्वारीची भाकरी पाण्यात मळलेली असते. ती काही तासांत वातड होते व दुसऱ्या दिवशी कोरडी खाणे अवघड जाते. दशमीचे ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात आणि भाजताना तिला तूप अथवा तेल लावतात. दुधातील व वरून लावलेल्या स्निग्धांशामुळे ती मऊ राहते. नीट भाजल्याने तिच्यातील ओलावाही कमी होतो. हिवाळ्यात अशी दशमी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत चांगली राहते. तिचे टिकणे दुधामुळे आपोआप घडत नाही. कच्ची राहिलेली किंवा जाड दशमी साध्या पोळीपेक्षा आधी खराब होऊ शकते. दह्यात मळलेले किंवा कांदा, मेथी, कोथिंबीर घातलेले धपाटे चवीला चांगले असले, तरी त्यांतील ओलाव्यामुळे ते पहिल्या दिवसाच्या दुपारच्या जेवणापुरतेच घ्यावे लागतात.

दशम्या बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण बांधणीत असते. गरम दशम्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात बंद केल्यास वाफेचे पाणी होते व त्या ओलाव्यावर बुरशी धरते. त्यामुळे दशम्या आधी सुती कापडावर एकेरी पसरून पूर्ण गार केल्या जातात आणि मग कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवल्या जातात. दुसऱ्या दिवसासाठीच्या दशम्यांचे गाठोडे वेगळे बांधल्यास त्यांना ओला हात लागत नाही. आंबूस वास, पृष्ठभागाचा चिकटपणा, तोडताना सुटणारी तार आणि पांढरे वा हिरवट ठिपके ही खराब झाल्याची लक्षणे होत. ठिपक्याचा भाग काढून उरलेली दशमी खाणे सुरक्षित नसते, कारण बुरशीचे तंतू न दिसता आत पसरलेले असतात.

### तेलबिया

शेंगदाणे, तीळ, जवस व खोबरे यांत ओलावा कमी असल्याने ते कुजत नाहीत. मात्र त्यांतील तेलाचा उष्णता, प्रकाश व हवेशी संबंध येऊन ते खवट होते. अखंड दाण्यापेक्षा कुटलेल्या दाण्यात हवेशी संपर्क वाढतो, म्हणून कूट व चटण्या लवकर खवट होतात. त्यांतही जवसाची चटणी आधी बिघडते. दोन दिवसांच्या अवधीत ताजी चटणी सहसा खवट होत नाही. अडचण येते ती आधीच महिनाभर डब्यात पडून राहिलेली चटणी बरोबर घेतल्यास. घशाला लागणारी कडवट चव आणि जुन्या तेलासारखा वास यांवरून ती ओळखता येते.

सुरकुतलेले, रंग बदललेले किंवा बुरशीचा वास येणारे शेंगदाणे भाजण्याआधीच निवडून टाकले जातात. अशा दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि घरगुती भाजण्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही.

### शिजवलेला भात आणि खिचडी

भातात असणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. विशेष म्हणजे अशा भाताला वास किंवा चव बदलल्याची खूण दरवेळी असतेच असे नाही. त्यामुळे रात्री उरलेली खिचडी दुसऱ्या दिवशी वाटेत खाण्यासाठी बांधून घेणे टाळले जाते.

### पावसाळ्यातील फरक

जून ते सप्टेंबर या काळात हवेतील दमटपणामुळे प्रश्न बदलतात. गूळ हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे लाडू व चिक्की यांना पाणी सुटते. फुटाणे आणि मुरमुरे मऊ पडतात. दशमीवर बुरशी लवकर येते व ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल याची खात्री राहत नाही. या दिवसांत घट्ट झाकणाचे लहान डबे वापरतात. दुसऱ्या दिवसाच्या जेवणात दशमीऐवजी पोहे किंवा सातूचे पीठ घेतले जाते.

## पोषण

दोन दिवसांत जीवनसत्त्वांची कमतरता निर्माण होत नाही. त्यामुळे या मुदतीच्या शिदोरीत पोषणाचा विचार मुख्यतः ऊर्जा केव्हा उपलब्ध होते, प्रथिने पुरेशी आहेत का आणि घामावाटे गेलेले मीठ परत मिळते का, या तीन प्रश्नांपुरता राहतो.

गूळ व खारीक यांतील साखर लवकर रक्तात येते, म्हणून ते चढाआधी किंवा चढताना उपयोगी पडतात. पोहे, सातू व दशमी यांतील पिष्ट त्यापेक्षा सावकाश पचते. तूप, शेंगदाणे आणि खोबरे सर्वांत जास्त ऊर्जा देत असले, तरी स्निग्ध पदार्थ पोटात अधिक वेळ राहतात. भर दुपारी चालताना ते जास्त खाल्ल्यास मळमळ होते. याच कारणाने लाडू एकदम न संपवता एकेक करून खाल्ला जातो.

सातूच्या पिठात भाजलेले गहू आणि डाळे असतात. तृणधान्य व कडधान्य एकत्र आल्याने त्यांतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. ज्वारीची दशमी आणि शेंगदाण्याची चटणी या जोडीतही प्रथिनांना अशीच पूरक भर मिळते.

सोयाबीन हे वाशिम जिल्ह्याचे खरीप हंगामातील मुख्य पीक आहे. त्यात प्रथिने वजनाच्या साधारण ३५ ते ४० टक्के असतात. तरीही शिदोरीत त्याचा वापर बेतानेच करावा लागतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात व ते पुरेशा उष्णतेनेच निष्क्रिय होतात. भिजवून, वाळवून आणि खरपूस भाजलेले दाणे २० ते ३० ग्रॅमपर्यंत चालतात. सवय नसताना त्याहून जास्त खाल्ल्यास पोटात वायू धरतो. चालताना हा त्रास विशेष जाणवतो.

मीठ चटणी, खारे फुटाणे आणि लिंबाचे लोणचे यांतून मिळते. जास्त घाम येत असल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले पाणी उपयोगी पडते. मिठाचे प्रमाण याहून वाढवणे अपायकारक असते.

## नमुना शिदोरी

पुढील उदाहरणात ६० किलोग्रॅम वजनाची निरोगी प्रौढ व्यक्ती, डिसेंबर महिना, मालेगाव तालुक्यातील टेकड्यांचा भाग, दररोज सुमारे सहा तासांची चाल आणि पाणी उपलब्ध असलेल्या गावात रात्रीचा मुक्काम गृहीत धरला आहे. पहिल्या दिवसाचा सकाळचा नाश्ता आणि दुसऱ्या दिवसाचे रात्रीचे जेवण घरी होते.

| वेळ | पदार्थ | वजन (ग्रॅम) | ऊर्जा (किलोकॅलरी) |
|---|---|---|---|
| पहिला दिवस, दुपार | ४ दशम्या, शेंगदाण्याची चटणी | २४० | ८२० |
| पहिला दिवस, वाटेत | लाडू १००, फुटाणे ५० | १५० | ६५५ |
| पहिला दिवस, रात्र | पोहे १००, चटणी ३०, गूळ ३० | १६० | ६२५ |
| दुसरा दिवस, सकाळ | सातू ८०, गूळ ४०, दूध पावडर २० | १४० | ५५० |
| दुसरा दिवस, दुपार | ३ दशम्या, तिळाची चटणी | १८० | ६१५ |
| दुसरा दिवस, वाटेत | लाडू १००, खारीक ५० | १५० | ६३० |
| एकूण | | १,०२० | ३,८९५ |

पहिल्या दिवशी शिदोरीतून २,१०० किलोकॅलरी मिळतात. घरच्या नाश्त्याचे सुमारे ५०० मिळवल्यास ठरवलेला २,६०० चा आकडा गाठला जातो. दुसऱ्या दिवशी शिदोरीचा वाटा सुमारे १,८०० असून उरलेली भर रात्री घरी पोहोचल्यावर पडते.

पोहे मुक्कामी धुऊन, थोडे पाणी शिंपडून दहा मिनिटे झाकून ठेवतात. मऊ झाल्यावर त्यांत चटणी व उपलब्ध असल्यास कांदा कालवतात. सातूच्या पिठाला २५० ते ३०० मिलिलिटर पाणी लागते. हे दोन्ही पदार्थ गावातील पाण्यावर होतात, त्यामुळे वाटेसाठीच्या तीन लिटरांना हात लागत नाही. पाण्याच्या शुद्धतेबद्दल शंका असल्यास ते उकळून किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करून वापरणे आवश्यक असते, कारण हे पदार्थ न शिजवता खाल्ले जातात.

याखेरीज वाट चुकणे किंवा उशीर होणे गृहीत धरून १०० ग्रॅम चिक्की (सुमारे ४७० किलोकॅलरी) राखीव ठेवली जाते. ती भिजवावी लागत नाही आणि सगळ्यांत शेवटी बिघडते, म्हणून राखीव अन्न म्हणून ती योग्य असते. अशा रीतीने एकूण वजन १,१२० ग्रॅम होते. पहिल्या दिवसाच्या अखेरीस यांतील निम्म्याच्या आसपास वजन कमी झालेले असते. ओलावा अधिक असलेल्या दशम्यांपैकी चारही पहिल्या दुपारीच संपतात आणि केवळ तीन दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात.

दुसऱ्या दुपारी दशम्यांना आंबूस वास आल्यास त्या टाकून राखीव चिक्की आणि उरलेली चटणी यांवर वेळ भागवता येते. त्यामुळे मिळणारी ऊर्जा फारशी घटत नाही, मात्र त्यानंतर राखीव अन्न उरत नसल्याने जवळच्या गावाकडे वळणे इष्ट असते.

## मर्यादा

वरील प्रमाण एका विशिष्ट वजनाच्या व्यक्तीसाठी आणि हिवाळ्यासाठी आहे. शरीराचे वजन, ओझे आणि चढ वाढल्यास ऊर्जेची गरज वाढते. उष्ण हवेत भूक मंदावते व पाण्याची गरज मोठ्या प्रमाणात वाढते. अशा वेळी अन्न कमी करून पाणी वाढवावे लागते. मधुमेह असलेल्या व्यक्तींना गूळ आणि खारीक यांचे प्रमाण व वेळ वैद्यकीय सल्ल्याने ठरवावी लागते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मीठ व प्रथिने यांबाबतही तेच लागू होते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली व्यक्ती गटात असल्यास चटणी व लाडू यांत शेंगदाण्याऐवजी डाळे वापरता येते. त्याने ऊर्जा कमी होते, ती तुपाने भरून काढली जाते.

## हे सुद्धा पहा

* वाशिम जिल्हा
* काटेपूर्णा अभयारण्य
* दशमी
* सातू
* गिर्यारोहण